वीस टक्क्यांच्या मालकीत मालकी किती?

‘गुंतवणूकदाराला संचालक मंडळावर एक जागा, महत्त्वाच्या निर्णयांवर नकाराधिकार, प्रवर्तकांनी शेअर विकल्यास त्यांच्यासोबत विकण्याचा हक्क आणि पाच वर्षांनंतर बाहेर पडण्याची सोय.’

ऐंशी पानांच्या भागधारक कराराचा असा तीन-चार ओळींचा सारांश माझ्या टेबलावर अनेकदा येतो. त्यातला शब्दन् शब्द खरा असतो. तरीही त्याच्या भरवशावर कुणी कोट्यवधी रुपये गुंतवू नयेत, असे मी स्पष्ट सांगतो. कारण हक्क आहे की नाही एवढेच तो सारांश सांगतो. तो हक्क कधी सुरू होतो, कधी संपतो, किती दिवसांत वापरावा लागतो आणि शेवटी पैसे कोणाच्या खिशातून येतात, यातले काहीच त्यात नसते. लहान हिस्सा घेणाऱ्या माणसाचे सगळे भवितव्य मात्र याच प्रश्नांवर अवलंबून असते.

हे नीट समजावे म्हणून एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण त्यातली कलमे रोजच्या करारांमधली आहेत. सांगली जिल्ह्यात दोन भावांची बेदाणा प्रक्रियेची खासगी कंपनी आहे. शीतगृह आहे, पॅकिंगची लाइन आहे, स्वतःचा ब्रँड नुकता जम धरू लागला आहे. दोघांकडे प्रत्येकी चाळीस हजार शेअर आहेत. पुण्यातल्या एक निवृत्त प्राध्यापिका, आपण त्यांना बाई म्हणू, दोन हजार रुपये भावाने वीस हजार नवे शेअर घेतात. म्हणजे त्यांनी चार कोटी रुपये घातले आणि एक लाखापैकी वीस हजार शेअर, अर्थात वीस टक्के कंपनी त्यांची झाली.

कायदा वीस टक्क्यांना काय देतो?

भागधारक कराराची गरज का पडते, हे कळायला आधी करार नसता तर काय झाले असते ते पाहावे. कंपनीचे रोजचे बरेच निर्णय साध्या ठरावाने, म्हणजे निम्म्याहून जास्त मतांनी होतात. संचालक नेमणे आणि त्याला काढणे यासाठीही साधा ठराव पुरतो. आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची अंतर्गत नियमावली, बदलायची किंवा बाहेरच्या माणसाला नवे शेअर द्यायचे तर विशेष ठराव लागतो. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार त्यासाठी विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात, म्हणजे पंचाहत्तर टक्के. भावांकडे ऐंशी टक्के आहेत. सव्वीस टक्के घेतलेला माणूस विशेष ठराव एकट्याने अडवू शकतो. वीस टक्केवाल्या बाई कायद्याच्या बळावर एकही ठराव अडवू शकत नाहीत.

त्यांच्या हातात एक मोठे शस्त्र उरते. दहा टक्के शेअर असलेल्या भागधारकाला दडपशाही आणि गैरव्यवस्थापनाची तक्रार घेऊन राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येते. पण ही वाट लांबची आहे आणि शेवटी काय हाती लागेल याची शाश्वती नाही. टाटा सन्सच्या प्रकरणाने हे देशाला दाखवले. शापूरजी पालनजी समूहाकडे त्या कंपनीचा अठरा टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा होता. सायरस मिस्त्रींना 2016 च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्षपदावरून दूर केल्यावर वाद न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 26 मार्च 2021 रोजी निकाल टाटा सन्सच्या बाजूने लागला. लहान हिस्सेदारांसाठी त्यातला धडा असा : हिश्श्याच्या प्रमाणात संचालक मंडळावर जागा मागण्याचा हक्क कायदा आपोआप देत नाही. आर्टिकल्समध्ये तशी तरतूद असावी लागते. उलट टाटा ट्रस्ट्सने नेमलेल्या संचालकांच्या होकाराशिवाय ठरावीक निर्णय होणार नाहीत, अशी तरतूद त्या आर्टिकल्समध्ये होती आणि न्यायालयाने ती मान्य केली. तेथे कोणाचा हक्क टिकला आणि कोणाचा नाही, हे हिश्श्याच्या आकड्यापेक्षा आर्टिकल्समधल्या मजकुराने ठरवले.

म्हणून बाईंना जे हवे ते करारानेच मिळवावे लागते. आता त्या सारांशातल्या चार गोष्टी एकेक करून उघडू.

खुर्ची आणि कोरम

बाईंच्या करारात पाच संचालकांचे मंडळ ठरले आहे. तिघे भावांच्या बाजूचे, एक बाईंनी नेमलेला आणि पाचवा दोन्ही बाजूंच्या संमतीने. एक खुर्ची मिळाली, पण पाचात एक मत म्हणजे मतदानात हार ठरलेलीच. त्या खुर्चीचा खरा उपयोग माहिती मिळण्यासाठी आहे. बैठकीची नोटीस, अजेंडा, हिशेबाचे कागद संचालकाला मिळतात आणि प्रश्न विचारण्याची जागा मिळते. तेही थोडे नाही.

पण बैठक त्याच्याशिवाय होऊ शकते का? कायद्यानुसार संचालक मंडळाचा कोरम एकूण संचालकांच्या एक तृतीयांश किंवा दोन, यांपैकी जो आकडा मोठा असेल तो. पाचांच्या मंडळाला दोघे पुरतात. म्हणजे दोन भाऊ सकाळी चहाला बसले तर कोरम पूर्ण. म्हणून करारात लिहिले जाते की गुंतवणूकदाराचा संचालक हजर असल्याशिवाय कोरम धरला जाणार नाही. सारांश करणारा इथे बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो.

त्याच कलमाची पुढची ओळ वाचायची राहते. तिच्यात बहुधा असे असते : कोरमअभावी बैठक तहकूब झाली तर ती पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी भरेल आणि त्या वेळी जे हजर असतील त्यांचाच कोरम धरला जाईल. यामागे कारण आहे. एका माणसाने दांडी मारून कंपनीचा कारभार ठप्प करू नये, हे रास्तच आहे. पण बाईंच्या संचालकाचे ऑपरेशन असेल, तो आठवडाभर रुग्णालयात असेल, तर दुसऱ्या बैठकीत काहीही मंजूर होऊ शकते. यावरचा उपाय एका वाक्याचा आहे : तहकूब बैठकीत, राखीव विषयांपैकी कोणताही विषय गुंतवणूकदाराच्या लेखी संमतीशिवाय घेता येणार नाही. हे वाक्य करारात आहे की नाही, हे सारांशात यायलाच हवे.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे हा संचालक कोण काढू शकतो. कायद्याने साध्या ठरावाने संचालक काढता येतो आणि भावांकडे ऐंशी टक्के मते आहेत. म्हणून बाईंच्या संचालकाला फक्त बाईच काढतील आणि त्याच्या जागी दुसरा त्याच नेमतील, भाऊ त्याविरुद्ध मत देणार नाहीत, असे वचन भावांकडून घ्यावे लागते. बदली संचालक नेमायला किती दिवस आणि त्या दिवसांत बैठक होणार का, हेही लिहून घ्यावे.

नकाराधिकार कोणाच्या हातात?

करारात ‘राखीव विषय’ नावाची यादी असते. बाईंच्या करारात अशा चोवीस बाबी आहेत. यादी लांब पाहून गुंतवणूकदार सुखावतो. प्रत्यक्षात बाईंचे पैसे सांभाळणाऱ्या बाबी पाच-सहाच असतात : नवे शेअर काढणे, आर्टिकल्स बदलणे, मर्यादेपलीकडे कर्ज घेणे, भावांच्या नात्यातल्या संस्थांशी व्यवहार, ब्रँड किंवा शीतगृह विकणे आणि भावांचे पगार वाढवणे. सारांशाने या सहा बाबी वर काढून प्रत्येकीची भाषा तपासावी. बाकीच्या अठरा एका ओळीत आटोपल्या तरी चालतील.

सर्वांत आधी पाहायचे ते हे, की नकार देणार कोण. पुष्कळ करारांत ‘गुंतवणूकदाराच्या संचालकाचे होकारार्थी मत’ असे लिहिलेले असते. यात अडचण आहे. संचालक कोणीही नेमलेला असो, कायद्याने त्याचे कर्तव्य संपूर्ण कंपनीच्या हिताशी बांधलेले असते. कंपनीला फायद्याचा पण बाईंना तोट्याचा प्रस्ताव समोर आला, तर तो संचालक कात्रीत सापडतो. भागधारक म्हणून बाई मात्र आपले हित पाहायला मोकळ्या असतात. म्हणून नकाराधिकार ‘गुंतवणूकदाराच्या लेखी संमती’च्या रूपात, थेट भागधारकाच्या हाती असावा आणि तो संचालक मंडळ, भागधारकांची सभा, उपकंपन्या या सगळीकडे लागू असावा.

मग भाषा. ‘पाच कोटींपेक्षा जास्त कर्ज’ असे लिहिले असेल तर साडेचार कोटींची तीन कर्जे घ्यायला कोणाची हरकत घेता येणार? तिथे ‘एका आर्थिक वर्षात एकत्रित’ किंवा ‘एकूण थकबाकी’ असे शब्द हवेत. मौनाचेही एक कलम असते : प्रस्तावाची नोटीस गेल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर संमती समजली जाईल. बाई मुलीकडे परदेशी गेल्या आणि जुना ईमेल पत्ता बंद पडला, तर त्यांचा नकाराधिकार त्यांच्या नकळत होकार होतो. त्यामुळे सारांशात दिवसांची संख्या, नोटीस कोणत्या पत्त्यावर जाते आणि मौनाचा अर्थ काय, या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहाव्यात.

सर्वांत खोल खड्डा मात्र नकाराधिकाराच्या कलमात नसतोच. तो तीन वेगवेगळ्या पानांवर पसरलेला असतो. बाईंच्या करारात पान बाराव्यावर लिहिले आहे की गुंतवणूकदाराचा हिस्सा पंधरा टक्क्यांखाली गेल्यास राखीव विषयांचा अधिकार संपेल. वाजवी वाटते. हिस्सा विकून टाकलेल्या माणसाने कारभारात का अडवणूक करावी? पान एकविसाव्यावर, राखीव विषयांच्या यादीत, एक अपवाद आहे : बाईंनी दिलेल्या दोन हजारांपेक्षा जास्त भावाने नवे शेअर काढायचे असतील तर त्यांची संमती लागणार नाही. हेही वाजवी वाटते, कारण भाव वाढला म्हणजे कंपनी वाढली. पान तिसाव्यावर बाईंना आपल्या प्रमाणात नवे शेअर घेण्याचा हक्क आहे. सारांशात हा हक्क अभिमानाने लिहिला जातो.

आता तिन्ही पाने एकत्र वाचू. दोन वर्षांनी कंपनी अडीच हजार रुपये भावाने चाळीस हजार नवे शेअर काढते, म्हणजे दहा कोटी रुपये उभे करते. संमती लागत नाही. आपले वीस टक्के राखायचे तर बाईंना आठ हजार शेअर, म्हणजे दोन कोटी रुपये भरावे लागतील. निवृत्तीची पुंजी आधीच गुंतली आहे, दोन कोटी कुठून आणायचे? त्या भरत नाहीत. आता एकूण शेअर एक लाख चाळीस हजार आणि बाईंचे वीस हजार. हिस्सा चौदा टक्क्यांहून थोडा जास्त. पंधराच्या खाली. एकही शेअर न विकता, एकही नियम मोडला न जाता, बाईंचा संपूर्ण नकाराधिकार गेला.

उपाय अवघड नाही. अधिकार संपण्याची अट टक्क्यांना न बांधता बाईंनी स्वतः विकलेल्या शेअर्सना बांधावी : मूळ वीस हजारांपैकी निम्म्याहून जास्त त्यांनी विकले तरच अधिकार संपेल. मग नव्या शेअर्समुळे टक्का घसरला तरी अधिकार शाबूत राहतो. पण हा खड्डा दिसण्यासाठी सारांश करणाऱ्याने कलमे एकमेकांवर ठेवून वाचावी लागतात. पानांच्या क्रमाने आटोपशीर केलेल्या सारांशात तो कधीच दिसत नाही.

शेअर कोणाला विकायचे?

खासगी कंपनीचे शेअर बाजारात विकता येत नाहीत आणि आर्टिकल्समध्ये हस्तांतरावर बंधन असणे हीच खासगी कंपनीची एक खूण आहे. करार त्यावर आणखी बंधने घालतो. काही बाईंना तारतात, काही बांधून ठेवतात. सारांशात प्रत्येक बंधनापुढे ते कोणाला बांधते हे लिहावे.

भावांनी तीन वर्षे शेअर विकायचे नाहीत, हे बंधन बाईंच्या सोयीचे आहे. त्यांनी पैसे भावांच्या कर्तबगारीवर लावले आहेत. इथे पाहायचे एवढेच, की भावांनी आपले शेअर एखाद्या कौटुंबिक कंपनीत ठेवून ती कंपनीच विकली, तर ते हस्तांतर धरले जाते का.

बाईंना बांधणारे बंधन म्हणजे भावांचा पहिल्या नकाराचा हक्क, ज्याला सगळे आरओएफआर म्हणतात. बाईंनी बाहेरचा खरेदीदार शोधून भाव ठरवायचा, तो भावांना कळवायचा आणि भावांनी तीस दिवसांत त्याच भावाने घेतो म्हटले तर शेअर त्यांना द्यायचे. कागदावर बाईंचे नुकसान काही नाही, भाव तोच. व्यवहारात मात्र कोणता खरेदीदार हिशेब तपासायला सीए पाठवेल, वकिलाची फी भरेल, महिनाभर घासाघीस करेल, जेव्हा शेवटी माल दुसऱ्याने उचलण्याची शक्यता आहे? त्यामुळे खरेदीदारच मिळत नाही, किंवा मिळाला तर भाव पाडून मागतो. त्यापेक्षा पहिल्या प्रस्तावाचा हक्क सोयीचा. त्यात बाई आधी भावांना विचारतात, ते आपला भाव सांगतात आणि तो पटला नाही तर बाई त्याहून चांगल्या भावाने बाहेर विकायला मोकळ्या होतात. शिवाय ‘स्पर्धकाला विकता येणार नाही’ या कलमातली स्पर्धकाची व्याख्या पाहावी. सुक्या मेव्याचा व्यापार करणारा प्रत्येक जण स्पर्धक ठरत असेल, तर ज्यांना ही कंपनी हवीशी वाटेल ते सगळे आधीच बाद झाले.

आता टॅग अलाँग, म्हणजे भाऊ विकतील तेव्हा सोबत विकण्याचा हक्क. तो दोन तऱ्हांचा असतो आणि सारांशात बहुतेक वेळा तऱ्हा सांगितलेलीच नसते. समजा, नवे शेअर अजून काढलेले नाहीत आणि थोरला भाऊ मुंबईच्या एका खाद्यपदार्थ कंपनीला तीस हजार शेअर विकायला निघाला. टॅग प्रमाणशीर असेल तर भावांच्या ऐंशी हजारांपैकी तीस हजार, म्हणजे साडेसदतीस टक्के विकले जात आहेत, म्हणून बाईंनाही आपल्या वीस हजारांपैकी साडेसदतीस टक्केच, म्हणजे साडेसात हजार विकता येतील. उरलेले साडेबारा हजार घेऊन त्या अनोळखी भागीदारासोबत कंपनीत राहतील. शिवाय त्यांचा हिस्सा साडेबारा टक्क्यांवर आला, म्हणजे पंधरा टक्क्यांची ती अट इथेही नकाराधिकार काढून घेते. तोच अधिकार ‘निम्म्याहून जास्त शेअर स्वतः विकले तरच’ या अटीला बांधला असता तर वाचला असता.

दुसरी तऱ्हा पूर्ण टॅगची. भावांच्या हातून कंपनीचे नियंत्रण जाणार असेल, तर बाईंना आपले सर्वच्या सर्व शेअर त्याच भावाने आणि त्याच अटींवर विकता यावेत. ज्या माणसांवर विश्वास ठेवून पैसे घातले ती माणसेच निघून जात असतील, तेव्हा प्रमाणशीर टॅग अपुरा पडतो. त्यामुळे किरकोळ विक्रीला प्रमाणशीर आणि नियंत्रण बदलताना पूर्ण, अशी जोडी मागावी.

याच्या उलट ड्रॅग अलाँग. संपूर्ण कंपनीला गिऱ्हाईक मिळाले तर भाऊ बाईंना विकायला भाग पाडू शकतात. खरेदीदाराला शंभर टक्के हवे असतात, म्हणून हे कलम टाळता येत नाही. पण त्याला तळ हवा : ठरावीक किमतीच्या खाली ड्रॅग नाही, मोबदला रोखीत आणि शेअर आपलेच असल्याची हमी सोडून कंपनीच्या कारभाराबद्दल दुसरी कोणतीही हमी बाईंनी द्यायची नाही.

हे सगळे करारात लिहिले आणि आर्टिकल्समध्ये उतरवले नाही तर? सर्वोच्च न्यायालयाचा रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन हा जुना निवाडा या प्रश्नावर आजही पुढे येतो. तिथेही दोन भावांचीच कंपनी होती, प्रत्येकी पंचवीस शेअर. दोन्ही शाखांचा हिस्सा सारखा राहावा असे कुटुंबात तोंडी ठरले होते. पुढच्या पिढीत एकाने ते मोडून शेअर दुसऱ्या शाखेला विकले. न्यायालय म्हणाले, आर्टिकल्समध्ये नसलेले हस्तांतराचे बंधन कंपनीवरही बंधनकारक नाही आणि भागधारकांवरही नाही. म्हणून सारांशात प्रत्येक हक्कापुढे एक रकाना असावा : आर्टिकल्समध्ये कोणत्या कलमात आहे? आणि कंपनीने बदललेले आर्टिकल्स निबंधकाकडे MGT-14 या फॉर्मने भरले की नाही, याची प्रत स्वतः पाहावी. भाऊ ऐंशी टक्क्यांच्या बळावर पुढे आर्टिकल्सच बदलू नयेत म्हणून ही कलमे बाईंच्या संमतीशिवाय बदलता येणार नाहीत, अशी पक्की तरतूद करायला कायदा मुभा देतो.

बाहेर पडायचा दरवाजा आणि पैसे देणारा हात

‘पाच वर्षांनंतर बाहेर पडण्याची सोय’ या शब्दांत सर्वांत मोठी फसगत असते. बाईंच्या करारात पायऱ्या अशा आहेत : आधी कंपनी शेअर बाजारात नेण्याचा किंवा संपूर्ण विकण्याचा ‘वाजवी प्रयत्न’, ते झाले नाही तर कंपनीने बाईंचे शेअर परत घ्यायचे. करार तिथेच थांबतो. पहिल्या पायरीवर प्रयत्नाचे वचन आहे, निकालाचे नाही. म्हणून सगळा भार दुसऱ्या पायरीवर येतो.

तिथे कायदा आडवा येतो. कंपनीने स्वतःचे शेअर परत घेण्याला, म्हणजे बायबॅकला, मर्यादा आहे. विशेष ठराव करूनही भरणा झालेले भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या एकूण पंचवीस टक्क्यांपर्यंतच रक्कम खर्चता येते. एक बायबॅक संपल्यावर दुसऱ्याला वर्षभर थांबावे लागते. समजा, कंपनी छान चालली, पाच वर्षांनी तिची किंमत चाळीस कोटी झाली. बाईंच्या वीस टक्क्यांचे आठ कोटी होतात. भांडवल आणि राखीव निधी मिळून बारा कोटी आहेत. पंचवीस टक्के म्हणजे तीन कोटी. कंपनीची कितीही इच्छा असली तरी आठ कोटी ती एका वेळी देऊच शकत नाही. आणि ते तीन कोटीही खात्यात रोख असावे लागतात. बेदाण्याच्या धंद्यात हंगामात सगळा पैसा मालात अडकतो.

म्हणून तिसरी पायरी हवी : भावांनी व्यक्तिशः ते शेअर विकत घ्यावेत, म्हणजे पुट ऑप्शन. खासगी करारातल्या अशा हक्काला पूर्वी कायदेशीर शंकांनी घेरले होते. 2013 मध्ये सेबीच्या अधिसूचनेने आणि 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने त्याला बराच आधार मिळाला. पण हक्क बजावता आला तरी भावांकडे पैसे कुठून येणार? त्यांची संपत्ती याच कंपनीत आणि द्राक्षबागेत आहे. त्यामुळे शेवटची पायरी : ठरावीक मुदतीत पैसे आले नाहीत तर भावांसह संपूर्ण कंपनी विकायला काढण्याचा हक्क बाईंकडे यावा. असा ड्रॅग प्रत्यक्ष वापरायची वेळ क्वचित येते. तो हातात असल्यामुळे भाऊ आधीच तोडगा काढायला बसतात.

किंमत कोण ठरवणार हेही तितकेच महत्त्वाचे. ‘रास्त किंमत’ एवढेच लिहिले असेल, तर मूल्यांकनकार म्हणू शकतो की हा अल्प हिस्सा आहे, त्याला नियंत्रण नाही, बाजार नाही, म्हणून पंचवीस टक्के कपात. आठ कोटींचे सहा झाले. ‘अल्प हिस्सा म्हणून कोणतीही कपात न करता’ या सात शब्दांची किंमत इथे दोन कोटी आहे. मूल्यांकनकार दोघांच्या संमतीने नेमावा आणि संमती झाली नाही तर कोण नेमणार, तेही लिहावे.

गुंतवणूकदार परदेशातला असेल आणि पैसे परत बाहेर न्यायचे असतील, तर आणखी एक मर्यादा येते. परकीय चलनाच्या नियमांनुसार अशा गुंतवणूकदाराला बाहेर पडताना ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही. जपानच्या डोकोमो कंपनीने हे अनुभवले. 2009 मध्ये तिने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये सव्वीस टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला. करार असा होता, की कामगिरीची लक्ष्ये चुकली तर टाटा सन्सने रास्त किंमत किंवा खरेदी किमतीचा निम्मा भाग, यांपैकी जास्त असलेल्या भावाने खरेदीदार मिळवून द्यायचा. 2014 मध्ये डोकोमोने तो हक्क वापरला. रिझर्व्ह बँकेने त्या भावाला परवानगी दिली नाही. प्रकरण लंडनच्या लवादात गेले. जून 2016 मध्ये सुमारे 1.17 अब्ज डॉलरचा निवाडा झाला आणि एप्रिल 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो अमलात आणण्यास मान्यता दिली. करार नेमका लिहिलेला होता, देणारा सधन होता, देण्याची तयारीही होती. तरी तीन वर्षे गेली. अमेरिकेतला किंवा आखातातला कुणी आपला माणूस गावाकडच्या कंपनीत पैसे घालत असेल, तर ते परत नेता येतील अशा पद्धतीने घालतो की नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवून सारांशाच्या पहिल्या ओळीत लिहावे.

मग सारांश कसा असावा?

आता ती पहिली वाक्ये पुन्हा लिहून पाहू. बाईंच्या टेबलावर असे काही यायला हवे होते :

‘मंडळावर पाचात एक जागा. तुमच्या संचालकाशिवाय पहिली बैठक होणार नाही, पण आठवड्याने भरणारी तहकूब बैठक होऊ शकते आणि राखीव विषयांना तिथे संरक्षण नाही. नकाराधिकार चोवीस बाबींवर, त्यांपैकी सहा महत्त्वाच्या. दहा दिवस उत्तर दिले नाही तर संमती धरली जाईल. हिस्सा पंधरा टक्क्यांखाली गेला की अधिकार संपेल, आणि तुमच्या संमतीशिवाय निघणाऱ्या नव्या शेअर्समुळे तसे होऊ शकते. ते टाळायला दोन वर्षांत अंदाजे दोन कोटी रुपये हाताशी लागतील. टॅग फक्त प्रमाणशीर आहे. पाच वर्षांनी बायबॅकने एका वेळी अंदाजे तीन कोटीच निघतील. बाकीच्या पैशांसाठी भावांवर पुट नाही. यातले काहीही अजून आर्टिकल्समध्ये उतरलेले नाही.’

हा सारांश वाचायला सुखद नाही. पण तो वाचून बाई दुसऱ्या दिवशी वकिलाला कोणत्या पाच दुरुस्त्या मागायच्या हे सांगू शकतात. आणि त्या मागण्याची वेळ सहीच्या आधीचीच असते. चार कोटी कंपनीच्या खात्यात जाईपर्यंत भाऊ बाईंचे प्रत्येक म्हणणे ऐकून घेतील. पैसे गेल्यानंतर तीच दुरुस्ती म्हणजे ऐंशी टक्केवाल्यांकडे केलेली विनंती उरते.

तुमच्या ओळखीत कुणी असा करार हातात घेऊन बसले असेल, तर सारांश करून देणाऱ्याला त्यांनी प्रत्येक हक्काबद्दल चार गोष्टी विचाराव्यात : हा हक्क कशाने संपतो, किती दिवसांत वापरायचा, पैसे नेमके कोण देणार आणि आर्टिकल्समध्ये तो कुठे आहे? या चारांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत सही करू नये.